विद्युत्घटाचा दाब आणि त्याचें भाकीत

एक जस्ताची पट्टी, एक तांब्याची पट्टी आणि दोन प्रकारचीं क्षारजलें एवढें साहित्य घेतलें म्हणजे विद्युत्घट तयार होतो, हें आपणांपैकीं बहुतेकांनीं शाळेंत पाहिलें असेल. परंतु तो घट जोडण्यापूर्वींच, नुसता कागद-पेन्सिल घेऊन, त्याचा दाब किती व्होल्ट येईल व प्रवाह कोणत्या दिशेनें जाईल हें सांगतां येईल काय? आज हें कॉलेजांतला मुलगा दोन मिनिटांत सांगतो. पण या दोन मिनिटांच्या हिशोबापाठीमागें जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे. आणि त्या इतिहासांतील मौजेची गोष्ट ही कीं, मधलीं तीस वर्षें एका चुकीच्या नियमानें बरोबर उत्तर दिलें, आणि म्हणूनच ती चूक कोणाच्या लौकर ध्यानांत आली नाहीं. या चुकलेल्या नियमाची कथा मी आज सांगणार आहें.

आरंभ इटलींत होतो. १८०० सालच्या मार्च महिन्याच्या २० तारखेस अलेस्सांद्रो व्होल्टा यानें कोमो गांवाहून लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांस एक पत्र लिहिलें. चांदीची चकती, तिच्यावर जस्ताची चकती, तिच्यावर मिठाच्या पाण्यांत भिजविलेला पुठ्ठ्याचा तुकडा, पुन्हां चांदी, पुन्हां जस्त, अशी उतरंड रचली असतां तिच्या दोन टोकांस सतत विजेचा परिणाम अनुभवास येतो, असें त्यांत त्यानें कळविलें होतें. व्होल्टानें आणखी एक महत्त्वाचें काम केलें. जस्त, शिसें, कथील, लोखंड, तांबें, चांदी अशी धातूंची एक श्रेणी त्यानें लावली आणि दाखवून दिलें कीं, या श्रेणींत दोन धातु एकमेकांपासून जितके दूर, तितका त्यांच्या जोडीचा परिणाम अधिक. भाकिताचें पहिलें बीज येथें आहे. मात्र यांत आकडे नव्हते, आणि कारणहि नव्हतें. दोन कोरडे धातु एकमेकांस भिडले कीं केवळ त्या स्पर्शांतूनच वीज उत्पन्न होते, मधलें पाणी नुसतें वाहक, असें व्होल्टाचें मत होतें. पण मग झिजल्यावांचून काम देणारें यंत्र निघालें असें म्हणावें लागेल! प्रत्यक्षांत जस्त झिजत असे, आणि मायकेल फॅरडेनें १८३३-३४ च्या सुमारास मोजून दाखविलें कीं, जितकी वीज वाहते तितक्याच ठराविक प्रमाणांत पदार्थाचा रासायनिक बदल होतो. वीज येते ती रासायनिक क्रियेंतून, ही गोष्ट त्यामुळें पुष्कळशी स्पष्ट झाली.

तरीहि मोजमापाचा प्रश्न राहिलाच, कारण त्या वेळचे घट मोठे लहरी असत. जस्त व तांबें सौम्य गंधकाम्लांत बुडविलें तर प्रथम प्रवाह जोरांत जाई, आणि थोड्याच वेळांत मंदावे. याचें कारण तांब्याच्या पट्टीवर उज्जवायूचे, म्हणजे हायड्रोजनचे, बुडबुडे चिकटून बसत. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्यें रसायनशास्त्राचे अध्यापक असलेले जॉन फ्रेडरिक डॅनिएल यांनीं १८३६ सालीं यावर तोड काढली. तांब्याचें उंच भांडें, त्यांत मोरचुदाचें पाणी. मध्यें बैलाच्या अन्ननलिकेच्या कातड्याची पिशवी, तींत सौम्य गंधकाम्ल आणि जस्ताची कांडी. पुढें कातड्याच्या जागीं कच्च्या भाजणीचें सच्छिद्र मातीचें भांडें आलें. या रचनेंत तांब्यावर वायु सुटतच नाहीं. मोरचुदांतलेंच तांबें येऊन तेथें बसतें, आणि तांब्यावर तांबें बसल्यानें पट्टीचा स्वभाव कांहीं बदलत नाहीं. मोरचूद संपूं नये म्हणून त्याचे खडे एका जाळीदार फळीवर वरच ठेवलेले असत. हा घट तासचे तास एकसारखा दाब देई. हा दाब सुमारें १.१ व्होल्ट असतो. तारायंत्राला असा भरंवशाचा घट हवाच होता. पण आपल्या कथेच्या दृष्टीनें महत्त्व याचें कीं, हिशोब ताडून पाहण्यास आतां एक स्थिर वस्तु हातीं आली.

तो हिशोब १८५१ सालीं विल्यम टॉम्सन यानें केला. हाच पुढें लॉर्ड केल्व्हिन झाला. त्या वेळीं तो ग्लासगो येथें प्राध्यापक होता आणि त्याचें वय अवघें सत्तावीस होतें. उष्णता आणि कार्य हीं एकाच ऊर्जेचीं दोन रूपें आहेत, हें ज्यूलनें नुकतेंच प्रस्थापित केलें होतें. टॉम्सनची विचारसरणी सरळ होती. जस्ताची पूड मोरचुदाच्या पाण्यांत टाकली तर जस्त विरघळतें, तांबें बाहेर पडतें आणि पाणी तापतें. घटामध्यें हीच क्रिया होते; पण तेथें पाणी तापण्याऐवजीं वीज मिळते. तेव्हां जेवढी उष्णता निघाली असती, तेवढेंच विजेचें कार्य मिळालें पाहिजे.

त्याचीं मापें वेगळीं होतीं. आपण आजच्या मापांनीं तोच हिशोब करूं. ६५.४ ग्रॅम जस्त विरघळून त्याच्या जागीं ६३.५ ग्रॅम तांबें बाहेर आलें तर सुमारें २,१८,७०० ज्यूल उष्णता निघते. तेवढें जस्त विरघळतांना घटांतून सुमारें १,९३,००० कूलंब वीज वाहते. हा आकडा फॅरडेच्या नियमावरून मिळतो. एक कूलंब वीज एक व्होल्ट दाबाखालीं गेली म्हणजे एक ज्यूल कार्य होतें. म्हणून पहिल्या आकड्यास दुसऱ्यानें भागलें कीं दाब निघाला पाहिजे: १.१३ व्होल्ट. आणि मोजलेला दाब १.१० व्होल्ट! शेंकडा तीनचाच फरक. त्या काळच्या उष्णतामापनांत एवढी चूक सहज होई, म्हणून या फरकाकडे कोणी पाहिलें नाहीं. नियम सिद्ध झाला असें सर्वांनीं मानलें.

एकदां नियम सिद्ध झाला म्हणजे त्याचे वारस निघतात. डेन्मार्कमध्यें यूलिउस टॉमसन आणि फ्रान्समध्यें मार्सेलँ बर्थेलो यांनीं हजारों क्रियांच्या उष्णता मोजल्या आणि असा सिद्धांत मांडला कीं, जी क्रिया अधिकांत अधिक उष्णता देते तीच आपोआप घडते. हा सिद्धांत ऐकावयास गोड आहे. पण नवसागर पाण्यांत टाकून हातानें भांडें धरून पाहावें. नवसागर आपोआप विरघळतो आणि भांडें गार पडतें. उष्णता निघणें दूरच, ती शोषली जाते. बर्थेलोनें अशा उदाहरणांना रासायनिक न म्हणतां भौतिक क्रिया म्हणून बाजूला सारलें. माझ्या मतें अडचणीचा साक्षीदार कोर्टाबाहेर बसविण्याचाच हा प्रकार होता. विद्युत्घटांच्या बाबतींत मात्र ही पळवाट नव्हती. निरनिराळे घट काळजीपूर्वक मोजूं लागल्यावर कांहींचा दाब उष्णतेच्या हिशोबाहून कमी, तर कांहींचा चक्क अधिक भरूं लागला. जेवढी उष्णता निघते तिच्यापेक्षां अधिक कार्य मिळत असेल तर तें येतें कोठून?

याचें उत्तर छापून तयार होतें, पण तें वाचलें कोणी नव्हतें. अमेरिकेंत न्यू हेवन येथील येल विद्यापीठांत विलर्ड गिब्ज नांवाचा एक अबोल प्राध्यापक होता. १८७५ ते १८७८ या काळांत त्यानें आपला प्रचंड प्रबंध कनेक्टिकट अकॅडमीच्या नियतकालिकांत हप्त्याहप्त्यानें छापला. युरोपांतल्या रसायनज्ञांच्या हातीं तें नियतकालिक क्वचितच पडे, आणि पडलें तरी गिब्जचें गणित पचविणें सोपें नव्हतें. प्रबंधाच्या शेवटच्या भागांत त्यानें विद्युत्घटाचा विचार केला आहे. त्याच्या युक्तिवादाचा एक दाखला मला फार आवडतो. समजा, घटांतील एक धातु त्याच्या वितळण्याच्या तपमानावर ठेवला आहे. त्या तपमानावर घन धातु आणि द्रव धातु एकत्र सुखानें नांदतात. कोणी कोणावर मात करीत नाहीं. तेव्हां पट्टी घन असो वा वितळलेली असो, घटाचा दाब एकच असला पाहिजे; नाहींतर घन व द्रव धातूंचाच घट करून फुकट वीज काढतां आली असती. पण क्रियेची उष्णता मात्र दोन्ही वेळां एक नसते, कारण वितळलेल्या धातूच्या पोटांत वितळण्याची उष्णता अधिक भरलेली असते. एका दाबाला दोन उष्णता! म्हणजे उष्णतेवरून दाब ठरतो हें म्हणणें समूळ चुकीचें आहे.

गिब्जचें काम ठाऊक नसतां बर्लिनच्या हेल्महोल्ट्झनें १८८२ सालीं तोच निष्कर्ष निराळ्या वाटेनें काढला, आणि त्याला समजण्याजोगीं नांवें दिलीं. क्रियेंत जी एकंदर ऊर्जा सुटते तिचे दोन भाग पडतात. एक भाग मुक्त ऊर्जा. हिचें पूर्णपणें कार्यांत रूपांतर करतां येतें. दुसरा भाग बद्ध ऊर्जा. ही उष्णतेच्या रूपानेंच आंत येते किंवा बाहेर जाते, तिच्यापासून सक्तीनें कार्य करून घेतां येत नाहीं. विद्युत्घटाचा दाब ठरतो तो एकट्या मुक्त ऊर्जेवरून. आणि क्रिया आपोआप घडेल कीं नाहीं हेंहि तीच ठरविते. मुक्त ऊर्जा कमी होत असेल तर क्रिया घडेल, मग भांडें तापो कीं गार पडो.

यांतली सर्वांत सुंदर गोष्ट पुढें आहे. बद्ध ऊर्जा मोजावयास उष्णतामापकहि लागत नाहीं. घट थोडा गरम करावा आणि दाब किती बदलतो तें पाहावें. तपमान वाढल्यानें दाब वाढत असेल तर तो घट काम करतांना भोंवतालची उष्णता ओढून घेतो. दाब घटत असेल तर तो उष्णता बाहेर टाकतो. दर अंशामागें होणाऱ्या बदलाला निरपेक्ष तपमानानें, म्हणजे साधारण २९८ नें, गुणलें कीं तो भाग व्होल्टमध्यें मिळतो. आतां डॅनिएलचा घट पुन्हां घेऊं. दोन्ही क्षारजलें ठराविक प्रमाणभूत तीव्रतेचीं असतां या घटाचा दाब दर अंशामागें एका व्होल्टच्या सुमारें दहा हजारांश भागानें कमी होतो. त्याला २९८ नें गुणलें तर ०.०३ व्होल्ट होतात. टॉम्सनच्या १.१३ मधून ०.०३ वजा करा: १.१०! जी तफावत मापनाची चूक म्हणून सोडून दिली होती, ती चूक नव्हतीच. तीच बद्ध ऊर्जा होती. डॅनिएलच्या घटांत ती योगायोगानें इतकी अल्प होती कीं चुकीचा नियम खरा भासला. दुसरा कोणता घट त्या दिवशीं टॉम्सनच्या टेबलावर असता तर कथेला निराळें वळण लागलें असतें.

दुसऱ्या टोकाचा घट १८९७ सालीं हंगेरीच्या बुगार्स्की यानें दाखविला. दोन्हीकडे पारा, एका बाजूस पाऱ्यावर कॅलोमेल व पोटॅशियम क्लोराइडचें पाणी, दुसऱ्या बाजूस पाऱ्याचा ऑक्साइड व कॉस्टिक पोटॅशचें पाणी. याचा दाब १८ अंशांच्या सुमारास ०.१६ व्होल्ट आहे. लहान, पण निश्चित. हेच पदार्थ भांड्यांत एकत्र केले तर उष्णता शोषली जाते. टॉम्सनच्या नियमाप्रमाणें हा घट उलटा चालावयास हवा! तो सुलटा चालतो, आणि त्याचा दाब तपमानाबरोबर चांगलाच वाढतो, दर अंशाला सुमारें ०.०००८ व्होल्ट. हिशोब केला म्हणजे असें दिसतें कीं, ठराविक मात्रेचा पदार्थ बदलला असतां हा घट भोंवतालच्या हवेंतून व भांड्यांतून सुमारें ४७,००० ज्यूल उष्णता घेतो, तींतले ३१,००० च्या वर विजेच्या रूपानें परत देतो आणि उरलेले पंधरा हजारांच्या आसपास पोटांत ठेवतो. प्रत्यक्ष मोजलेली शोषलेली उष्णताहि याच्या जवळच येते. यानंतर जुन्या नियमाची बाजू घेण्यास जागा उरली नाहीं.

आतां दाब कशानें ठरतो हें कळलें. पण प्रत्येक घटाचें भाकीत करण्यास प्रत्येकाची मुक्त ऊर्जा मोजीत बसावें काय? येथें वाल्टर नेर्न्स्ट पुढें येतो. १८८९ सालीं, वयाच्या पंचविशीच्या आसपास, लाइपझिगला ओस्टवाल्डच्या प्रयोगशाळेंत असतांना त्यानें घटाचे दोन अर्धभाग वेगळे करून पाहिले. प्रत्येक धातूची पाण्यांत उतरण्याची एक ओढ असते, आणि पाण्यांत आधींच असलेल्या त्या धातूच्या आयनांची परत धातूवर बसण्याची उलट ओढ असते. या दोन ओढींच्या समतोलावरून त्या अर्ध्या घटाचा दाब ठरतो, असें त्यानें मांडलें. त्याची कल्पनाचित्रें पुढें बदललीं, पण त्याचें समीकरण टिकलें.

अडचण एकच. अर्ध्या घटाचा दाब स्वतंत्रपणें मोजतां येत नाहीं. मापकाची दुसरी तार पाण्यांत बुडविली कीं ती तारच दुसरा अर्धा घट होते. ओस्टवाल्डला वाटे कीं पाऱ्याच्या थेंबांच्या साह्यानें खरें शून्य सांपडेल. नेर्न्स्ट व्यवहारी होता. त्यानें शून्य शोधण्याऐवजीं तें ठरवून टाकलें. डोंगरांची उंची आपण समुद्रसपाटीपासून मोजतों. पृथ्वीच्या मध्यापासून मोजली तर आकडे निराळे येतील, पण महाबळेश्वर पुण्यापेक्षां जेवढें उंच तेवढेंच राहील. त्याचप्रमाणें, प्लॅटिनमच्या पत्र्यावर काळ्या प्लॅटिनमचा थर चढवून तो ठराविक तीव्रतेच्या अम्लांत बुडवावा, त्यावरून एक वातावरण दाबाचा हायड्रोजन सोडावा, आणि या अर्ध्या घटाचा दाब शून्य मानावा. या शून्यावरून घेतलेली पहिली मोठी सारणी नेर्न्स्टबरोबर काम करणाऱ्या विल्समोरनें १९०० सालीं प्रसिद्ध केली. व्होल्टानें शंभर वर्षांपूर्वीं लावलेल्या श्रेणीला अशा रीतीनें आकडे मिळाले.

त्या सारणींतले तीनच आकडे घेऊं. जस्त उणें ०.७६, तांबें अधिक ०.३४, चांदी अधिक ०.८०. घटाचा दाब म्हणजे दोहोंमधील अंतर. जस्त आणि तांबें: १.१०. तांबें आणि चांदी: ०.४६. जस्त आणि चांदी: १.५६, म्हणजे आधींच्या दोहोंची बेरीज, जसें पायथ्यापासून माचीपर्यंत आणि माचीपासून माथ्यापर्यंत. वीस धातूंचे वीस आकडे जवळ असले कीं एकशेंनव्वद घट न जोडतां सांगतां येतात. आणि दिशा? जो धातु सारणींत खालीं, म्हणजे अधिक उणा, तो विरघळतो. जो वर आहे तो बाहेर बसतो. जस्त मोरचुदांतून तांबें बाहेर काढील. चांदी काढणार नाहीं.

येथें शाळामास्तर या नात्यानें एक सूचना केल्यावांचून राहवत नाहीं. जस्ताचा एक अणु विरघळला तर चांदीचे दोन बाहेर पडतात. म्हणून पस्तीस वर्षांत शेंकडों मुलांनीं माझ्यासमोर ०.८० ची दुप्पट करून २.३६ असें उत्तर काढलें आहे. घट जोडून मोजला कीं सुईं १.५६ च्या जवळ थांबते आणि वाद मिटतो. दाब म्हणजे उंची. एक घागर पाणी वरून सोडलें काय किंवा दोन घागरी सोडल्या काय, कडा तेवढाच उंच राहतो. कार्य मात्र दुप्पट होतें. दुसरी सूचना जुनीं पुस्तकें वापरणाऱ्यांसाठीं. पूर्वीं अमेरिकन ग्रंथकार चिन्हें उलटीं लिहीत. त्यांच्या सारणींत जस्तापुढें अधिक ०.७६ आढळतें. १९५३ सालीं स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय परिषदेंत हा गोंधळ मिटविण्यांत आला. जुनें पुस्तक हातीं आलें तर प्रथम जस्ताचें चिन्ह पाहावें.

हे सर्व आकडे ठराविक तीव्रतेचे आहेत, आणि नेर्न्स्टच्या समीकरणाचा खरा उपयोग तीव्रता बदलते तेव्हां होतो. जस्त-तांब्यासारख्या घटांत विरघळलेल्या दोन धातूंचें प्रमाण दसपट बदललें तर दाब अवघा ०.०३ व्होल्ट बदलतो. डॅनिएलच्या घटाचा दाब अशा रीतीनें शून्यावर आणावयाचा तर हें प्रमाण एकावर सदतीस शून्यें इतकें व्हावें लागेल; म्हणजे व्यवहारांत जस्त तांब्याला शेवटच्या कणापर्यंत बाहेर काढतें. पण कथील आणि शिसें घ्या. कथील उणें ०.१४, शिसें उणें ०.१३. अंतर केवळ एका व्होल्टचा शंभरावा भाग! कथिलाचा पत्रा शिशाच्या क्षारजलांत ठेवला तर कांहीं शिसें बाहेर पडतें; पण पाण्यांत कथिलाचें प्रमाण शिशाच्या दुपटी-तिपटीवर गेलें कीं क्रिया थबकते, आणि त्याहून अधिक कथील असेल तर शिशाचा पत्रा कथील बाहेर काढूं लागतो. अशा जवळच्या जोडीच्या बाबतींत सारणींतले आकडे पाहून 'हें घडेल, तें घडणार नाहीं' असें छातीठोकपणें सांगणें धोक्याचें आहे. आधीं पाण्यांत काय किती आहे तें विचारावें.

आणखी एक मर्यादा आहे, ती कधींहि विसरूं नये. सारणी दिशा सांगते. वेग सांगत नाहीं. ॲल्युमिनियमचा आकडा उणें १.६६ आहे, तेव्हां तांब्याबरोबर त्याचा घट पुरते २ व्होल्ट देईल अशी अपेक्षा होते. करून पाहिलें तर आकडा पुष्कळच खालीं येतो, कारण ॲल्युमिनियमवर त्याच्याच ऑक्साइडचा कांचेसारखा पातळ थर चढलेला असतो आणि पाण्याशीं उघडा धातु भिडतच नाहीं. मोजलेला दाब कमी भरला म्हणून लागलीच सारणीला दोष देऊं नये. प्रथम मापक स्वतःच फार प्रवाह ओढीत नाहीं ना तें पाहावें, कारण प्रवाह चालू असतां घटाच्या अंगच्या अडथळ्यांत कांहीं दाब खर्ची पडतो. मग पट्टी घांसून पुन्हां मोजावें. घांसल्याबरोबर आकडा उसळला व हळूहळू पुन्हां उतरला, तर दोष पृष्ठभागाचा आहे असें समजावें.

वेगाच्या या मर्यादेवरच आपल्या दारांतली मोटार उभी आहे. शिशाचा संचायक घट फ्रान्सच्या प्लांतेनें १८५९ सालीं काढला. त्याच्या एका कप्प्याचा दाब सुमारें २ व्होल्ट असतो. पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन असे दोन भाग करण्यास मुक्त ऊर्जेच्या हिशोबानें १.२३ व्होल्ट पुरतात. म्हणजे भरलेल्या बॅटरीनें स्वतःच्याच अम्लांतील पाणी फोडून उभ्या-उभ्या रिकामें व्हावयास हवें. सारणींतहि शिसें उणें बाजूस आहे. त्यानें अम्लांतून हायड्रोजन हुसकून लावावयास हवा. तसें होतें, पण अत्यंत सावकाश, कारण शिशाच्या पृष्ठभागावर हायड्रोजन सुटण्याची क्रिया विलक्षण मंद आहे. जुन्या बॅटऱ्यांत शिशाच्या जाळ्या टणक व्हाव्या म्हणून अँटिमनी मिसळीत. तें झिजून ऋण पट्टीवर जाऊन बसलें कीं तेथें हायड्रोजन सुलभपणें सुटूं लागे, बॅटरी उगीच उतरे आणि वारंवार पाणी घालावें लागे. पुढें अँटिमनीच्या ठिकाणीं थोडेंसें कॅल्शियम घालण्याची रीत आली, आणि पाणी घालण्याचा तो त्रास पुष्कळ अंशीं गेला.